शैलजा टाइप करत आहे

निवृत्त शिक्षकांचा ग्रुप म्हात्रे सरांनी काढला, तेव्हा कलावती रोकडे बाईंना त्यात घेण्याआधी कोणी विचारलं नव्हतं. चांगदेव म्हात्रे हे शाळेचे पीटीचे सर. निवृत्त होऊन कल्याणला राहायला गेले तरी माणसं गोळा करायची हौस सुटली नव्हती. त्यांच्या फोनमध्ये जितके जुने नंबर होते तितके त्यांनी एका दुपारी निवडले, ग्रुपला 'स्टाफरूम' असं नाव दिलं आणि बटण दाबलं. डोंबिवलीतल्या त्या शाळेत ज्यांनी आयुष्य काढलं ती सगळी माणसं संध्याकाळपर्यंत एकमेकांना फुलं आणि नमस्कार पाठवायला लागली होती.

रोकडे बाईंनी काही पाठवलं नाही. त्या चित्रकला शिकवायच्या. तीस वर्षं स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी वह्या तपासल्या, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की त्या वह्यांत डोकं घालत. ग्रुपमध्येही तसंच झालं. डोंबिवलीशेजारच्या कोपरला, फ्लॅटमध्ये, मुलगा रत्नदीप सकाळी कंपनीत गेला की त्या जेवण उरकून फोन घेऊन बसत, सगळं वाचत आणि ठेवून देत. म्हात्रे सर अधूनमधून चेष्टा करत. "रोकडे बाई मागच्या बाकावर आहेत, हजेरी देत नाहीत." त्यावर हसण्याची चित्रं येत. बाईही घरी एकट्याच थोडंसं हसत.

गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडत. रोकडे बाईंचा डबाही उघडे, पण त्यात सहसा कोणाचा हात येत नसे. कोणी काही बोलत नसे. "आज उपास आहे," "आज पोट भरलंय," असं काहीतरी असे. सुधा प्रभुदेसाई बाई तर शेजारीच बसत. त्या आपल्या डब्यातलं आग्रहाने वाढत, आणि रोकडे बाईंनी डबा पुढे केला की पाण्याचा पेला उचलत. संगीत शिकवणाऱ्या शैलजा पोंक्षे तेवढ्या न विचारता त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून घेत. "कला, आज सुकट नाही आणलीस?" असं मोठ्याने विचारत. एवढ्यावरून दोघींची मैत्री झाली ती शेवटपर्यंत टिकली.

शैलजाबाईंनी लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या संगमेश्वरकडे भावाकडे गेल्या आणि दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या हॉस्पिटलमध्ये वारल्या. तो काळच असा होता की कोणाला कळवायचं, कोण येणार. भावाने एकट्या रोकडे बाईंना फोन केला, कारण शैलजाबाईंनी शेवटचा मेसेज त्यांनाच पाठवला होता. शाळेतल्या बाकीच्यांना कळलं नाही. रोकडे बाईंना वाटलं, कळलं असेल.

म्हणून ग्रुप निघाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी फोनवर 'शैलजा' अशी अक्षरं दिसली तेव्हा त्यांच्या हातातला चहा कपड्यांवर सांडला.

म्हात्रे सरांना जुन्या फोनमध्ये आणखी काही नंबर सापडले होते, ते त्यांनी ग्रुपमध्ये घातले होते. ग्रुपमध्ये माणसाचं नाव दिसतं ते आपण आपल्या फोनमध्ये जतन केलं असेल तसंच. नंबर जतन नसेल तर नुसते आकडे आणि त्या माणसाने स्वतःला दिलेलं नाव. सरांच्या फोनवर तो नंबर 'पोंक्षे बाई' होता, आणि पोंक्षे बाई आल्या असंच त्यांनी ग्रुपमध्ये जाहीर केलं. रोकडे बाईंच्या फोनवर तो पहिल्यापासून 'शैलजा' होता. फोटोच्या जागी एक कमळ होतं.

लोकांनी आनंदाने हाका मारल्या. पोंक्षे बाई, कुठे होतात इतकी वर्षं, गाणं चालू आहे ना. आणि मग स्क्रीनच्या वरच्या कडेला, ग्रुपच्या नावाखाली, बारीक अक्षरांत आलं: 'शैलजा टाइप करत आहे…'

रोकडे बाई त्या तीन टिंबांकडे पाहत राहिल्या.

"नमस्कार मंडळी," मेसेज आला. "किती वर्षांनी भेटतोय आपण. तब्येतीमुळे गावी होते. आता बरी आहे."

रोकडे बाईंनी लगेच संगमेश्वरला फोन लावला. भाऊ म्हातारे झाले होते, पण त्यांना सगळं नीट आठवत होतं. ते म्हणाले, शैलजाचं सिम तेव्हाच बंद पडलं, कोणी रिचार्ज केलं नाही. नंबर बरेच महिने तसाच पडून राहिला की कंपनी तो परत घेते आणि दुसऱ्याच कोणाला तरी देते. त्या नव्या माणसाने व्हॉट्सॲप चालू केलं असेल, एवढंच. "त्यांना सांगा, गैरसमज झालाय," ते म्हणाले. "चांगला माणूस असेल तर स्वतःच सांगेल."

पण त्या माणसाने सांगितलं नाही. तो रोज यायला लागला. सकाळी फुलं, दुपारी चौकशी. प्रभुदेसाई बाईंचे गुडघे कसे आहेत, कोणाची मुलं परदेशात असतात, कोण एकटं राहतं. लोक भरभरून सांगत. आणि हळूहळू तो जुन्या आठवणी काढायला लागला. एके दुपारी त्याने लिहिलं, "स्टाफरूमचा तो पंखा आठवतो का? कटकट करायचा, आणि हेडमास्तर आले की आपोआप बंद व्हायचा." लोक हसून लोटपोट झाले. हे आपल्या पोंक्षे बाईच लिहू जाणे, असं प्रभुदेसाई बाईंनी लिहिलं.

पंख्याबद्दलचं ते वाक्य रोकडे बाईंचं स्वतःचं होतं.

शैलजाबाई गेल्यानंतर त्या त्यांना मेसेज लिहीत असत. हे त्यांनी रत्नदीपलाही सांगितलं नव्हतं. दुपारी घर रिकामं झालं की 'शैलजा' हे नाव उघडायचं आणि लिहायचं. मेसेजखाली एकच करडी खूण येई. रत्नदीपने एकदा त्यांना समजावलं होतं: एक खूण म्हणजे आपल्याकडून गेला, समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला नाही. दोन म्हणजे पोचला. निळ्या झाल्या म्हणजे वाचला. एकच खूण येते म्हणूनच त्यांना लिहिता येत होतं. जे बोलून दाखवायची सोय नव्हती ते सगळं त्यांनी तिथे लिहिलं. डब्याचं लिहिलं. निरोप समारंभात म्हात्रे सर भाषण करताना आपलं नाव विसरले, ते लिहिलं. दुपारी एकटं वाटतं, दाराला नुसती कडी असते, हेही लिहिलं. खुणांकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता त्यांनी ते पान उघडलं आणि बोटाने वर सरकवत नेलं. जुन्या मेसेजेसखाली एकेकच खूण होती. मग गेल्या वर्षीच्या गणपतीनंतरच्या एका मेसेजपासून पुढे सगळीकडे दोन-दोन. निळी एकही नव्हती, पण ती सेटिंग्जमधून बंद ठेवता येते. वर्षभर त्या लिहीत होत्या आणि वर्षभर कोणीतरी काही उत्तर न देता वाचत होतं. नाव शैलजाचं, शाळा कुठली, कोण कसं वागतं, शैलजा बोलायची कशी, सगळं त्या माणसाला त्यांनीच शिकवलं होतं. सरांनी त्याला ग्रुपमध्ये घातलं तेव्हा त्याचा अभ्यास पुरा झालेला होता.

तरी त्या बोलल्या नसत्या असं नाही. स्नेहसंमेलनाचं ठरत होतं. रविवारी ठाण्याला एका हॉलमध्ये सगळ्यांनी भेटायचं, असं म्हात्रे सरांनी जाहीर केलं आणि 'शैलजा'ने लिहिलं, मी नक्की येणार. तेव्हा रोकडे बाईंनी ग्रुप उघडून लिहायला सुरुवात केली. 'एक सांगायचं आहे. पोंक्षे बाई' एवढं झालं आणि पुढचा शब्द सुचेना. पुसलं. पुन्हा लिहिलं.

त्या लिहीत आहेत हे ज्यांनी ज्यांनी ग्रुप उघडला होता त्या सगळ्यांना वरच्या कडेला दिसत होतं. म्हात्रे सरांनी लिहिलं, "रोकडे बाई टाइप करताहेत! शांतता राखा."

तेवढ्यात फोन थरथरला. ग्रुपबाहेर, त्यांच्या दोघींच्या त्या जुन्या पानावर मेसेज होता. शैलजाच्या नावाने चार वर्षांत आलेला पहिला.

"काय लिहिताय बाई?"

त्यांनी ते वाचेपर्यंत दुसरा आला.

"गप्प बसता तेच बरं दिसतं तुम्हाला. तुमचं सगळं लिहिलेलं माझ्याकडे आहे. ग्रुपवर टाकू का?"

आणि थोड्या वेळाने, "प्रभुदेसाई बाईंनी तुमच्या डब्याला कधी हात लावला नाही ना? मग त्यांची काळजी तुम्हाला कशाला. दुपारी एकट्याच असता ना कोपरला?"

बाईंनी उठून आधी दाराला कुलूप लावलं. ग्रुपमध्ये लिहिलेलं पुसून टाकलं. म्हात्रे सरांनी लिहिलं, "आणि बाई गेल्या!" लोक हसले. सगळ्यांत आधी 'शैलजा' हसली.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. रत्नदीपने दोनदा विचारलं, आई, बरं नाही का. त्या म्हणाल्या, उष्णता आहे. मनात त्या स्वतःला समजावत होत्या, तो नुसता गंमत करत असेल, संमेलनाला शैलजा म्हणून कोणी येणार नाही आणि सगळं आपोआप मिटेल. आणि त्याच्या खाली, त्यांना लाज वाटावी असा एक विचार होता. त्या प्रभुदेसाई बाईने इतक्या वर्षांत एक घास घेतला नाही. तिच्यासाठी मी माझी अब्रू का घालवू?

शनिवारी सकाळी प्रभुदेसाई बाईंचा मेसेज आला, तो रोकडे बाईंनी दुपारी जेवण उरकल्यावर वाचला. त्या ठाण्याला पाचपाखाडीत एकट्या राहत. यजमान वारलेले, मुलगा कॅनडात. त्यांनी आनंदाने लिहिलं होतं, "शैलजा आज माझ्याकडे राहायला येणार आहे! उद्या आम्ही दोघी जोडीने हॉलवर येऊ. तिचा भाचा दुपारी आधी सामान ठेवून जाईल. मी साटोऱ्या करायला घेतल्या आहेत."

शैलजाबाईंना भावंड एकच, तो भाऊ, आणि तोही बिनलग्नाचा. भाचा कुठून येणार?

रोकडे बाईंनी प्रभुदेसाई बाईंना ग्रुपमधूनच कॉल लावला. स्क्रीनवर 'कॉलिंग' आलं, 'रिंगिंग' झालंच नाही. म्हणजे त्यांच्या फोनपर्यंत जातच नव्हता, नेट बंद असणार. मेसेज वाचून झाले की बॅटरी वाचवायला नेट बंद करायची त्यांची सवय होती, तसं त्यांनीच ग्रुपमध्ये सांगितलं होतं. मग साधा फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. म्हात्रे सरांचा व्यस्त होता. रत्नदीप प्लांटमध्ये होता, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत.

आता ग्रुपच उरला होता. या वेळी त्यांनी ग्रुपमध्ये लिहिलं नाही. रत्नदीपने शिकवलं होतं की स्वतःच्याच नंबरला मेसेज पाठवता येतो. किराण्याची यादी त्या तशीच ठेवत. त्या पानावर, जिथे कोणाला दिसणार नव्हतं, त्यांनी सगळं लिहिलं. दोनदा वाचलं. मग मजकुरावर बोट दाबून धरलं, कॉपी केला, ग्रुप उघडला, चिकटवला आणि पाठवला. हे इतक्या झटक्यात झालं की त्या टाइप करताहेत असं कोणाला दिसलंच नाही.

"मी कलावती रोकडे. शैलजा पोंक्षे एप्रिल २०२१ मध्ये रत्नागिरीला वारल्या. त्यांच्या भावाने मला तेव्हा कळवलं होतं. हा नंबर आता दुसऱ्याच माणसाकडे आहे. तो शैलजा नाही. त्याने मला धमकी दिली आहे. प्रभुदेसाई बाईंकडे आज जो येणार आहे त्याला घरात घेऊ नका. त्या फोन उचलत नाहीत. जवळ कोणी राहत असेल तर कृपा करून ताबडतोब जा."

ग्रुपमधला हा त्यांचा पहिला मेसेज.

त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरून त्याची माहिती उघडली. आपण पाठवलेला मेसेज ग्रुपमध्ये कोणाकोणाला पोचला आणि कोणी वाचला ते तिथे दिसतं. खुणा बंद ठेवल्या तरी ग्रुपमध्ये ते लपत नाही. वाचणाऱ्यांत सगळ्यांत वर 'शैलजा' होती. सुधा प्रभुदेसाईंना तो पोचलाच नव्हता.

'शैलजा टाइप करत आहे…'

"अगं कला, काय हे? मी धडधडीत जिवंत आहे ना! बरं नाही का तुला?"

आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. रोकडे बाईंना नंतर त्याचं नवल वाटलं नाही. रोज बोलणारं, हसणारं माणूस एकीकडे, आणि महिनोन्महिने गप्प असलेलं माणूस दुसरीकडे. कोणी लिहिलं, बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. कोणी लिहिलं, त्यांच्या घरच्यांचा नंबर आहे का कोणाकडे, त्यांची तब्येत बरी दिसत नाही. हात जोडल्याची चित्रं आली.

मग प्रीती गुप्ते यांचा मेसेज आला. त्या सगळ्यांत धाकट्या, गणित शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या आणि ठाण्यालाच राहणाऱ्या. "पोंक्षे बाई, एक ओळ बोलून पाठवा ना. आवाज ऐकला की विषय संपेल."

"घसा बसलाय गं."

"मग व्हिडिओ कॉल करू का?"

त्याला उत्तर आलं नाही. रोकडे बाई शैलजाबाईंच्या त्या जुन्या पानावर गेल्या, वर वर सरकत, त्या एप्रिलपर्यंत. तिथे एक आवाजाचा मेसेज होता. तो त्यांनी एकदाच ऐकला होता. तो निवडून त्यांनी ग्रुपमध्ये पाठवला. वर 'फॉरवर्डेड' अशी अक्षरं उमटली.

मागे यंत्राची टिकटिक. मग शैलजाबाईंचा आवाज, दोन शब्दांमागे एक धाप. "कला, मला नाही वाटत आता जमेल. भाऊंना एकटं वाटेल. तू फोन करत जा त्यांना."

तो आवाज ज्यांनी वर्षानुवर्षं प्रार्थनेला ऐकला होता त्यांना ओळखायला सांगावं लागलं नाही. प्रीतीबाईंनी फक्त एवढंच लिहिलं, "मी निघाले."

त्यानंतर त्या माणसाने लपवाछपवी सोडली. एकामागोमाग फोटो यायला लागले. रोकडे बाईंच्या मेसेजेसचे फोटो. डब्याचं. पाण्याच्या पेल्याचं. म्हात्रे सर नाव विसरले त्याचं. 'त्यांच्यात बसून मी तीस वर्षं एकटी जेवले,' हे वाक्य सगळ्यांना दिसेल असं मोठं करून. खाली त्याने लिहिलं, "ही तुमची रोकडे बाई. वाचा."

ते पुसणं एकट्या म्हात्रे सरांच्या हातात होतं. ग्रुपचे ॲडमिन तेच, आणि दुसऱ्याचा मेसेज पुसायचा किंवा कोणाला बाहेर काढायचं तर ते ॲडमिनलाच जमतं. सर नातीच्या बारशाला गेले होते, सभागृहात सनई चालू होती. त्यामुळे ते सगळं तिथे राहिलं आणि एकेकाने वाचलं. रोकडे बाई फोन मांडीवर ठेवून खुर्चीत बसून होत्या. लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांचे कान फक्त प्रीतीबाईंच्या फोनकडे होते.

तो फोन आला तेव्हा प्रीतीबाई प्रभुदेसाई बाईंच्या घरात पोचल्या होत्या, जिना चढून अजून धापा टाकत होत्या.

"बाई, त्या ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पण तो येऊन गेलाय."

बाकीचं सगळं रोकडे बाईंना संध्याकाळपर्यंत तुकड्यातुकड्याने कळलं. तिशीतला माणूस होता. चांगले कपडे, हळू बोलणं. त्याने वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाला. प्रभुदेसाई बाईंनी त्याला हॉलमध्ये बसवलं, पाणी दिलं. मिक्सर चालू होता म्हणून आतल्या खोलीतला फोन त्यांना ऐकू आला नव्हता. तो सोफ्यावर बसून फोनवर सारखं काहीतरी लिहीत होता. मध्येच हसत होता. त्यांना वाटलं, ऑफिसचं काम असेल.

"मी जिवंत आहे, असं तो तिथे बसून लिहीत होता," प्रीतीबाई म्हणाल्या. "त्यांच्या सोफ्यावर. त्यांनी दिलेला चहा पीत."

मग त्याने हातपाय धुवायचे म्हणून मोरी विचारली, घरभर एक फेरी मारली, शैलजामावशीला घेऊन संध्याकाळी येतो म्हणाला आणि निघून गेला. बॅग ठेवून गेला होता. प्रीतीबाईंनी ती उघडली. मोठी, कोरी करकरीत, किमतीचा कागदही न काढलेली. आत काहीही नव्हतं. ती भरायला आणलेली होती. दाराच्या मागच्या खुंटीवर जादा किल्ली असायची, तीही नव्हती.

अंधार पडायच्या आत प्रीतीबाईंनी कुलूपवाला बोलावून दाराचं कुलूप बदलून घेतलं. त्या रात्री त्या तिथेच राहिल्या. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी संमेलन झालं नाही, त्याऐवजी म्हात्रे सर आणि प्रीतीबाई पोलीस ठाण्यात गेले. तिथे त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, बॅग ठेवून घेतली. सिम ज्याच्या नावावर होतं तो कुठल्याशा दुकानात कामाला असलेला पोरगा निघाला. आपल्या कागदांवर असं सिम निघालंय हे त्याला माहीतच नव्हतं. तो नंबर त्या शनिवारपासून बंद होता.

म्हात्रे सरांनी बारशातून बाहेर येताच त्याला ग्रुपमधून काढलं आणि ते फोटो एकेक करून सगळ्यांसाठी पुसले. त्यांच्या जागी 'ॲडमिनने हा मेसेज हटवला' अशा ओळी राहिल्या. पण लोकांच्या फोनमध्ये फोटो उतरून गेले होते ते तसेच राहिले. आणि ज्याला काढलं त्याच्याकडेही तोपर्यंतचं सगळं होतंच. नंबर, नावं, कोण कुठे राहतं, कोण एकटं असतं. ते पुसण्याचं बटण कोणाकडे नव्हतं.

सोमवारी दुपारी प्रभुदेसाई बाईंचा फोन आला.

"मी त्याला आत घेतलं हो," त्या म्हणाल्या. "कोण कुठला, माहीत नाही. स्वतःच्या हाताने चहा करून दिला. साटोरी वाढली."

"घाबरू नका आता," रोकडे बाई म्हणाल्या.

"ते तुमचं लिहिलेलं मी वाचलं. प्रीतीच्या फोनवर."

रोकडे बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग प्रभुदेसाई बाईंनी विचारलं की तिकडे पाणी दोन वेळ येतं का, आणि फोन ठेवला. पुन्हा त्या तो विषय कधी बोलल्या नाहीत. रोकडे बाईंनीही काढला नाही.

त्याच दुपारी त्यांनी फोनमधलं 'शैलजा' हे नाव त्या नंबरावरून काढून टाकलं. नंबर ब्लॉक केला. जुनं पान पुसायचं धाडस झालं नाही, तो आवाज त्यातच होता. पण आता त्या पानाच्या डोक्यावर नावाऐवजी नुसते आकडे आले. शैलजाबाईंचे खरे मेसेज, त्या माणसाची धमकी आणि मधली त्यांची स्वतःची वर्षं, सगळं त्या आकड्यांखाली एकाखाली एक होतं.

रत्नदीपने सगळं ऐकून दाराला नवीन कुलूप बसवलं आणि साखळीही. म्हात्रे सरांनी फोन करून माफी मागितली. नाव विसरल्याबद्दल की ग्रुपमध्ये घातल्याबद्दल, ते स्पष्ट झालं नाही. त्यांनी बाईंना ग्रुपची ॲडमिन केलं आणि म्हणाले, तुम्ही लक्ष ठेवा, माझं काही खरं नाही. मग दोघांनी मिळून ठरवलं की एकदा सगळ्यांची हजेरी घ्यायची. प्रत्येकाने आपल्या आवाजात नाव सांगून 'हजर' म्हणायचं. लिहून चालणार नाही.

बुधवारी सकाळी सरांनी तसा मेसेज टाकला आणि आवाज यायला लागले. म्हातारे, खोकणारे, थोडे लाजलेले. प्रीतीबाई. प्रभुदेसाई बाई, फार हळू. काहींच्या मागे कुकरची शिट्टी, काहींच्या मागे नातवंडं. रोकडे बाई एकेक ऐकत होत्या आणि माणसं ओळखत होत्या. त्यांनी स्वतःही बोट दाबून धरलं आणि म्हटलं, "कलावती रोकडे, हजर."

संध्याकाळपर्यंत दोघेजण राहिले. एक जण हॉस्पिटलमध्ये होते, त्यांच्या मुलीने म्हात्रे सरांना फोन करून सांगितलं. दुसरा नंबर इतिहास शिकवणाऱ्या चिपळूणकर सरांचा होता. ते कधी फार लिहीत नसत. वाढदिवसाला शुभेच्छा देत, कोणी प्रवासाला निघालं की कधी परत येणार विचारत. म्हात्रे सरांनी आपल्या मेसेजची माहिती उघडून पाहिली. चिपळूणकर सरांनी तो सकाळीच वाचला होता.

दिवेलागणीला रोकडे बाईंच्या फोनवर एक ओळ आली. कोणी आपणहून ग्रुप सोडला की ते हल्ली इतरांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. चिपळूणकर सरांनी ग्रुप सोडला होता.

त्यांनी म्हात्रे सरांना फोन लावला. चिपळूणकरांना शेवटचं प्रत्यक्ष कधी पाहिलं होतं, असं विचारलं. सर म्हणाले की करोनाच्या आधी कधीतरी, डोंबिवलीत फडके रोडवर, नक्की सांगता येत नाही. घर कुठे, तेही त्यांना माहीत नव्हतं. रोकडे बाईंनी ग्रुपमधल्या आणखी दोघातिघांना विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणाला तरी माहीत असेल.

रोकडे बाईंनी चष्मा पुसला, दाराची साखळी एकदा हाताने चाचपली आणि ग्रुपमधल्या नंबरांची यादी वरून उघडली. पहिल्या नंबरावर त्यांनी साधा फोन लावला, आणि पलीकडून कोणीतरी उचलून बोलेपर्यंत त्या कानाशी धरून उभ्या राहिल्या.